मदत हवी: एम.ए. एज्युकेशनचं एसओपी, नऊ वर्षांची नोकरी 500 शब्दांत कशी बसवू?

खडूफळा: जि.प. शाळेत नऊ वर्षं पहिली-दुसरी सांभाळतोय. एसओपी तीनदा लिहिलं, तीनदा तेच: 'लहानपणापासून शिक्षक व्हायचं स्वप्न', मग प्रशिक्षणांची यादी, शेवटी 'समाजाचं ऋण'. बायको म्हणाली, निवृत्तीचं भाषण आहे का? काय ठेवू?

रेवा_के: प्रशिक्षणं सगळी घाला, अनुभव दिसला पाहिजे. आणि वर्गात काही फसलं असेल तर अजिबात लिहू नका.

मुक्ताताई: रेवा, अनुभव दिसावा हे खरं, पण प्रशिक्षणं बायोडेटात असतातच. मी काही वर्षं असे अर्ज वाचलेत. नऊ वर्षं शिकवलेल्या माणसाला काय अडलं आणि तेव्हा त्याने काय केलं, हे मी शोधायचे. खडूफळा, तुम्हाला अजून न सुटलेलं एखादं कोडं सांगा.

खडूफळा: एक आहे. दुसरीत 'त्रेपन्न' सांगितलं की काही मुलं 35 लिहायची. मी निष्काळजीपणा समजून दहा-दहा वेळा लिहून घ्यायचो. एकदा एकीला वाचायला लावलं. तिने 3 वर बोट ठेवून 'त्रे' म्हटलं, 5 वर 'पन्न'. ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं होतं तिने! 2019 ला दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा वाटलं सुटलो. तर काहींनी 503 लिहिलं. आधी 50, शेजारी 3.

मुक्ताताई: अहो, हाच पहिला परिच्छेद! दीडशे शब्द द्या त्याला. 'दहा वेळा लिहून घेतलं' हे काढू नका, तुमचा विचार कुठे बदलला ते तिथेच कळतं. पुढे 503 वर काय केलं आणि कुठे अडलात. मग अभ्यासक्रमातले एक-दोनच विषय घ्या, गणित शिकवण्याचा आणि भाषेचा, आणि तुमचा प्रश्न त्यांना जोडा. संकेतस्थळावरची वाक्यं उचलू नका, वाचणाऱ्याला ती पाठ असतात. नवी पद्धत चूक की बरोबर याचा निकालही देऊ नका. एका वर्गावरून तो लागत नाही. किती मुलं होती?

सांगोलेकर: रजेचं काय केलंत सर? माझा ना हरकतीचा अर्ज चार महिने पडून आहे.

खडूफळा: सांगोलेकर, मी अजून तिथवर पोचलोच नाही. वेगळा धागा काढा, मीही येतो.
ताई, 22 पैकी सहा जणांनी 503 लिहिलं. मी दशकाच्या जुड्या आणि सुट्या काड्या मांडून घेतल्या. समोर काड्या असल्या की 53, उचलल्या की दोघांचं पुन्हा 503. नोंदवही ठेवली नव्हती. आणि 'पदवीनंतर काय करणार' यावर काय लिहू? याच शाळेत परतेन की नाही, मलाच ठाऊक नाही.

रेवा_के: परतणार असंच लिहा, त्यांना तेच हवं असतं.

मुक्ताताई: मी नाही लिहिणार. परतलात तर त्या दोघांसारख्या मुलांसाठी काय वेगळं कराल, एवढंच लिहा. नोंदी नव्हत्या हेही लिहा.

रेवा_के: ताई, कच्चेपणा स्वतःहून दाखवायचा? मला नाही पटत.

खडूफळा: दोघांच्या पाट्यांचे फोटो मोबाईलमध्ये सापडले. तारखेसकट.