शब्दचर्चा: ऑडिटमधल्या ‘कन्फर्मेशन’ला काय म्हणावं? पुष्टी, दुजोरा, खातरजमा...

अथणीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात एका सीएंकडे आर्टिकलशिप करतोय. अथणीच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं ऑडिट चालू आहे. त्यांचा माल विक्रीसाठी तासगावच्या अडत्याकडे असतो आणि पेट्या तिथल्याच कोल्ड स्टोरेजमध्ये. आमची नेमणूक एप्रिलमधली, त्यामुळे 31 मार्चला मोजणीला आमच्यापैकी कुणीच नव्हतं. आता दोघांनाही पत्र लिहून शिल्लक विचारायलोय, तेही मराठीत. कन्फर्मेशनला सर ‘पुष्टी’ म्हणतात. व्यापारी काका हसले, म्हणाले, पुष्टी द्यायला अडत्या काय कुपोषित हाय?

निपाणीची लेक
‘दुजोरा’ लिही की. शब्द सगळ्यांना कळतो.

उद्यमबाग 2
एवढं कशाला? आमच्या फाउंड्रीचं कास्टिंग मशिनिंगला बाहेर जातं. चलन असतं, जीएसटीचा ITC-04 भरतो, वर्षाच्या आत माल परत येतो. फॉर्म दाखवला की ऑडिटर गप्प. त्याला आम्ही ‘जॉबवर्कचा माल’ म्हणतो, तेच लिहा.

अंकलीचा मुनीम
उद्यमबाग, तुमचं अर्धं बरोबर. माल मालकाचा आणि ताबा दुसऱ्याचा, एवढं दोन्हीकडे सारखं. पण जॉबवर्कवाल्याला माल विकायचा अधिकार नसतो, अडत्याला असतो. शिवाय ITC-04 तुम्हीच भरता, म्हणजे तुमचंच म्हणणं. माल ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या तोंडून ऐकायचं असतं. ऑडिटर गप्प बसला असेल तर ती त्याची चूक.

लेकी, दुजोरा म्हणजे एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं खरं म्हणणं. गोम तिथंच आहे. ‘आमच्या वहीत 1,200 पेट्या आहेत, बरोबर ना?’ असं विचारलं की अडत्या न बघता ‘बरोबर’ लिहून सही ठोकतो. म्हणून आकड्याची जागा मोकळी ठेवावी, त्यानं भरावी. आणि उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर यावं, व्यापाऱ्याच्या हातून नको.

आता माझ्या पाहण्यातली गोष्ट. गावं सांगत नाही. वहीत 1,200 पेट्या, अडत्याचं उत्तरही 1,200. कोल्ड स्टोरेजनं कळवलं 840. मग अडत्याच्या पट्ट्या मागवल्या. 12 एप्रिलच्या एका पट्टीत 360 पेट्या विकलेल्या, पण सौद्याची तारीख 27 मार्च! पेटी 15 किलोची, म्हणजे 5,400 किलो माल विकून झालेला आणि तरी शिल्लकेत धरलेला. 150 रुपये किलो खरेदीनं 8 लाख 10 हजारांचा साठा फुगला, शिवाय मार्चची विक्री एप्रिलमध्ये ढकलली. अडत्या खोटारडा होता असंही नाही. पट्टी होईपर्यंत माल त्याच्या वहीत ‘शिल्लक’च दिसायचा. पट्टीवर दोन तारखा असतात, लोक खालचीच बघतात.

अथणीकर
आमच्या मालकांच्या पट्ट्या फाइलमध्ये आहेत, आजच बघतो. पण मुनीमकाका, इथे प्रत्यक्ष बघणं ‘अशक्य’ होतं असं लिहिता येईल का?

अंकलीचा मुनीम
अशक्य आणि गैरसोयीचं यातला फरक जपा. अथणीहून तासगावला जायला गाडी मिळते. SA 501 या ऑडिटच्या मानकात स्पष्ट आहे, ऑडिटरची नुसती गैरसोय हे कारण चालत नाही. 31 मार्च गेला, पण आज जाऊन मोजता येतं. आजच्या आकड्यात मधल्या काळात गेलेला माल मिळवायचा, आलेला वजा करायचा, की मागची शिल्लक निघते. अडचण खरी येते ती थप्पी छतापर्यंत लावलेली आणि आपला लॉट मागे दबलेला असला की. तिथे पावती, लॉट नंबर आणि नंतरच्या पट्ट्या यांवर भिस्त. तेवढ्यानंही भागलं नाही तर अहवालात शेरा मारायचा.

निपाणीची लेक
मग ‘अव्यवहार्य’ म्हणा. आणि कन्फर्मेशनला ‘खातरजमा’. दुजोरा मागे घेतला!

अंकलीचा मुनीम
खातरजमा ऑडिटर करतो, अडत्या नाही. अडत्या देतो तो शिल्लकेचा दाखला. माझं मत, पत्राचा मथळा ‘शिल्लक मालाचा दाखला’ असावा. खाली तीन गोष्टी विचाराव्या: पेट्या किती, माल कसा आहे, आणि त्यावर बँकेचा किंवा कुणाचा बोजा आहे का.

उद्यमबाग 2
दाखला म्हटलं की तलाठ्याकडं जावंसं वाटतंय. मी तर ‘कन्फर्मेशन’च लिहीन.

अथणीकर
कोल्ड स्टोरेजला फोन केला होता. ते म्हणाले, आमच्या वहीत तुमच्या व्यापाऱ्याचं नावच नाही, सगळा माल अडत्याच्या नावावर आहे. लॉट नंबर दिलात तर बघतो. आता मुनीमकाका, अशा मालाला काय म्हणायचं? अडत्याच्या नावचा, पण अडत्याचा नव्हे.

निपाणीची लेक
आमच्याकडे तंबाखूत त्याला ‘नावावरचा माल’ म्हणतात, पण तो उधारीचाही असतो. कुणाला नेमका शब्द माहीत असेल तर सांगा.