रिस्टोअर केलेला चेहरा अनोळखी का वाटतो

> "आजोबांचा पासपोर्ट फोटो रिस्टोअर केला, एकदम क्लिअर आला पण ते आजोबा वाटतच नाहीत, असं का?"

मूळ प्रिंट असेल तर आधी तीच १२०० डीपीआयला स्कॅन करा. चेहरा जेमतेम ४० पिक्सेल रुंद असला की एक डोळा म्हणजे सात-आठ ठिपके, त्यात पापणीची घडी नसतेच, मग एआय मॉडेल शिकलेल्या चेहऱ्यांवरून डोळा बसवतं, तो छान असतो पण आजोबांचा नसतो. रिझल्ट परत लहान करून मूळ फोटोशी जुळला तरी विश्वास ठेवू नका, वेगवेगळे चेहरे तेवढे लहान केले की सारखेच दिसतात, त्यापेक्षा आजीला दाखवा. चेहरे रिस्टोअर करणारं कोडफॉर्मर हे एआय टूल वापरत असाल तर मूळ फोटोशी किती चिकटून राहायचं ते ठरवणारं सेटिंग `-w 0.9` ठेवा, 0.5 ला तो मनाचं जास्त भरतो. फोटोला पुढे चित्रासारखी स्टाइल द्यायची असेल तर त्यात बारीक डिटेल तसंही पुसलं जातं, त्यामुळे थोडा धूसर चेहरा आरामात चालतो.