दुकान आणि तीन ऑनलाइन बाजार, माल एकच: शिल्लक जुळत नाही, उपाय सुचवा

पायताण_कोल्हापूर: आमचं कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आहे. तोच माल अॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशोवर आहे. नग सुमारे 140, म्हणजे प्रत्येक डिझाइन, रंग आणि नंबर वेगळा धरून. शनिवारी तपकिरी कापशी 8 नंबरचा शेवटचा जोड काउंटरवर गेला आणि अर्ध्या तासात त्याच जोडाच्या दोन ऑर्डरी आल्या. दोन्ही रद्द केल्या. या महिन्यातली ही पाचवी वेळ. बजेट महिना 800 रुपये. काय वापरता?

सुरत_साडी: ताई, सरळ सॉफ्टवेअर घ्या. आम्ही महिना साडेचार हजारांचं घेतलंय. कुठंही विकलं की सगळीकडं आपोआप कमी होतं. तेव्हापासून डोक्याला ताप नाही.

पायताण_कोल्हापूर: दादा, 800 म्हटलंय मी.

गोडाऊन_भिवंडी: आपोआप होतं, पण लगेच होत नाही. बहुतेक सॉफ्टवेअर ठरावीक मिनिटांनी आकडा पाठवतात आणि बाजाराकडं तो दिसायलाही वेळ लागतो. साडीचे चाळीस नग असले तर फरक पडत नाही. एकच जोड उरला असेल तर ती दहा-पंधरा मिनिटंच घात करतात. शिवाय काउंटरवरची विक्री बिलात चढलीच नाही तर सॉफ्टवेअरला कळणार कुठून? ताई, शनिवारी बिल कधी केलंत?

पायताण_कोल्हापूर: गर्दी होती. रात्री वहीवरून चढवली.

गोडाऊन_भिवंडी: मग चूक तिथंच झाली. आधी हिशोब बघा. फळीवर 7 जोड आहेत. आलेल्या पण अजून न बांधलेल्या ऑर्डरी 3. म्हणजे विकायला 4 उरले. बरेच जण फळी मोजून सातच आकडा चढवतात आणि तेच तीन जोड पुन्हा विकायला निघतात. चारातला एक दुकानासाठी राखला तर उरले 3. आता तिन्ही बाजारांत 3-3 दाखवलेत तर आकडा सुधारेपर्यंत नऊ ऑर्डरी येऊ शकतात. म्हणून 3 किंवा कमी उरले की तो नंबर जिथं जास्त खपतो तिथंच ठेवायचा, बाकी दोन्हीकडं शून्य.

मिरजकर_काका: आमच्याकडं तर परत आलेल्या मालानं वाट लावलीय. ग्राहक चार दिवस घालून परत पाठवतात! या बाजारांचं कमिशन आणि वर हे. मी म्हणतो, ऑनलाइन बंदच करा.

नाशिक_पितळ: काका, विषय शिल्लकेचा आहे. पण परतीचा मुद्दा खरा आहे. बाजाराच्या पानावर 'परत' दिसलं म्हणून आकडा वाढवू नका. पुडकं उघडून, दोन्ही पाय एकाच नंबरचे आहेत का बघून मगच फळीवर ठेवा. आम्ही परतीला वेगळी टोपली ठेवतो.

सुरत_साडी: मी तेच म्हणतोय, सॉफ्टवेअरमध्ये परतीचं खातं वेगळं असतं.

अकलूज_किराणा: मी माल वाटूनच टाकला. दहा दुकानाला, पाच-पाच प्रत्येक बाजाराला. भांडणच नको.

गोडाऊन_भिवंडी: किराण्यात जमेल. ताईंकडं एका नंबरचे चारच जोड असतात, ते चार ठिकाणी वाटले तर एकीकडं संपलेला जोड दुसरीकडं पडून राहील. अजून एक सांगतो. महिन्यातून एकदा अख्खं दुकान मोजण्यापेक्षा रोज दहा नग मोजा. 7 नंबर एकानं कमी आणि 8 नंबर एकानं जास्त निघाला तर चोरी नाही, बांधताना नंबर बदललाय. परतीचं पुडकं येईलच. नुसताच कमी निघाला तर बहुधा बिल राहिलंय.

नाशिक_पितळ: आणि रद्द करणं हलक्यात घेऊ नका. अॅमेझॉनवर पाठवण्याआधी आपण रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. शंभर ऑर्डरींत तिसरी रद्द केली की मर्यादा ओलांडली.

सुरत_साडी: म्हणूनच म्हणतो, एक वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट देतात.

पायताण_कोल्हापूर: सगळ्यांचे आभार. घरी बोलले. सॉफ्टवेअर आत्ता नाही, आणि गर्दीत प्रत्येक जोडाचं बिल लगेच होणारही नाही, हे मला माहीत आहे. प्रत्येक जोडाला नगाचं नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी लावतेय. जोड काउंटरवर गेला किंवा पुडक्यात बांधायला घेतला की चिठ्ठी फाडून खिळ्याला. दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता खिळ्यावरच्या चिठ्ठ्या मोजून आकडे सुधारायचे. 3 उरले की फक्त फ्लिपकार्टवर, आमचं तिथंच जास्त जातं.

गोडाऊन_भिवंडी: दुपारी एक ते सात हे सहा तास फार होतात, ताई. शेवटच्या तीन जोडांची चिठ्ठी लाल करा. लाल फाटली की त्याच मिनिटाला मोबाइलवरून आकडा सुधारा.

पायताण_कोल्हापूर: लाल करते. पण शनिवारी काउंटरवर मी एकटीच असते, तेव्हा मोबाइल हातात घ्यायला जमेल की नाही ते या शनिवारी बघून सांगते.

मिरजकर_काका: चिठ्ठी डिंकानं लावू नका, चामड्याला डाग पडतो. सुतळीनं बांधा.