साडी नेसलात की घातलीत? शिवलेल्या साडीचे अनुभव सांगा

इरकलवाली_मी
आज कपाट आवरताना आईची लाल इरकल हाती आली आणि 2019 चं माझं डोहाळजेवण आठवलं. सातवा महिना, निऱ्या सावरायचा कंटाळा, म्हणून नवी इरकल टेलरकडे टाकली. सांगितलं एवढंच, "शिवून द्या, पदर लांब ठेवा." दोनच वाक्यं!

आली तेव्हा पुढे मोजून चार निऱ्या, त्याही पोटावर ताणलेल्या. पदर पोटरीपर्यंत, पण पाचही घड्या खांद्यापासून टोकापर्यंत टीप मारून पक्क्या केलेल्या. इरकलचा तो लाल पदर आणि पांढरे पट्टे, सगळं घडीच्या आत. वरून चार बोटांची लाल पट्टी लोंबतेय, बस.

खरी मजा ओटीला. सासूबाई नारळ, तांदूळ, खण घेऊन उभ्या, मी पदर पुढे घेतला तर उघडेचना. नारळ पट्टीवरून घरंगळून पाटाखाली गेला. आईने तिथेच ब्लेडने टीप उसवली. मावशी म्हणाली, "अगं, ही साडी नेसलेली नाही, घातलेली आहे. घातलेल्या पदरात ओटी कशी बसेल?"

तुमचं काय झालं ते लिहा.

जुळे_सोलापूरकर
😂😂 नारळ फुटला का पण?

इरकलवाली_मी
नाही. मुलगी झाली, नारळासारखीच टणक आहे.

शिल्पा_होटगीरोड
म्हणून मी चांगली साडी टेलरकडे देतच नाही. शिवायची म्हटलं की कापावीच लागते. एकदा कापली की ती ना आपली राहते ना सुनेची.

नेसवणारी_काकू
शिल्पा, अर्धं बरोबर आहे तुझं. मी बारा वर्षं नवऱ्या नेसवते, टेलर लोकांशी रोज वाद असतो, म्हणून सांगते. "शिवून द्या" म्हटलं की समोरचा तीनपैकी काहीही ऐकतो. एक, कंबरेला पट्टा आणि हूक लावून निऱ्या त्यात टाकायच्या, साडी न कापता. दुसरं, आतली फेरी कापून काढायची आणि घागऱ्यासारखं करायचं, म्हणजे पोटाशी जाड होत नाही. आणि तिसरं, हल्ली मुली "प्री-प्लीट" म्हणतात ते. त्यात टाका एकही नसतो. निऱ्या आणि पदर घड्या घालून इस्त्री करायचा, पिना लावून चौकोनी घडी करून द्यायची. नेसायची हातानेच. पहिली आणि तिसरी उसवून, झटकून परत अख्खी साडी होते. दुसरी होत नाही.

इरकलवाली, तुझ्या चार निऱ्यांचा दोष टेलरचा नाही गं. तूच "पदर लांब" म्हणालीस. ब्लाउजपीस काढून साडी धर साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच. सातव्या महिन्यात तुझा घेर 46 असेल. दोन फेऱ्या गेल्या, 92. पुढून खांद्यापर्यंत चढायला 25. मागे पोटरीपर्यंत पदर 50. उरले 49. पाच इंची एक निरी दहा इंच कापड खाते. मग किती झाल्या?

इरकलवाली_मी
चार 🤦‍♀️

नेसवणारी_काकू
हां. पदर गुडघ्यापर्यंत ठेवला असतास तर 14 इंच वाचले असते, पाचवी निरी झाली असती आणि ताणही गेला असता. हाताने नेसताना हेच गणित आपण आरशात बघून करतो. निऱ्या कमी वाटल्या की पदर थोडा पुढे ओढतो. शिवल्यावर ते गणित त्या दिवशीच्या मापावर बंद होतं.

अशोकचौक_श्रीनिवास
आमच्या आईचा उजवा खांदा धरलाय दोन वर्षं, हात मागे जात नाही. तिला पट्ट्याची शिवून घेतली, हूक पुढे. आता कुणाची वाट न बघता देवळात जाते. पण डोक्यावर पदर घेता येत नाही म्हणून कुरकुरते. यावर काही आहे का काकू?

नेसवणारी_काकू
पदराला खांद्यावर फक्त चार बोटं टाका घालायला सांगा, खाली पूर्ण मोकळा. "पदर शिवा" म्हणू नका. "खांद्यावर टाचा आणि खाली मोकळा सोडा" असं म्हणा. मागून काठ धरून डोक्यावर येतो.

कॉलेजला_रोज
मला हे पटत नाही. मी रोज एसटीने जाते, मोकळा पदर दाराच्या कडीत अडकतो. माझा टोकापर्यंत शिवलेलाच बरा. ओटी काय रोज भरत नाहीत.

नेसवणारी_काकू
कॉटनला चालेल बाई. पण पैठणीचे मोर शिवून घडीत घालू नकोस एवढंच.

कॉलेजला_रोज
पैठणी नेसून एसटीत कोण चढतंय ओ 😄

पूर्वभागची_पोर
आमच्या घरची गोष्ट ऐका. घरात तेलुगू, शेजारी कानडी, टेलर कानडी. आमची आजी, अम्मम्मा, टेलरकडे गेली आणि म्हणाली, "कुच्चिळ्ळु नीट करून दे." आमच्यात कुच्चिळ्ळु म्हणजे निऱ्या. त्याने ऐकलं कुच्चु, म्हणजे पदराचे गोंडे. आठ दिवसांनी साडी आली ती अख्ख्या पदराला रेशमी गोंडे विणून, मध्ये मणी घालून! निरी एक नाही. पैसे वेगळेच. अम्मम्मा रागावली, पण गोंडे सुंदर होते, लग्नात सगळ्यांनी विचारलं.

शिल्पा_होटगीरोड
मेले मी 🤣🤣 सोलापुरातच होऊ शकतं हे.

गौरीची_आई
गॅदरिंगला मुलीला शिवलेली नऊवारी हवीय, चौथीत आहे. पेशवाई घेऊ की ब्राह्मणी? आणि सहावारीतून होते का?

नेसवणारी_काकू
चौथीतल्या मुलीला सहावारीतून आरामात होते. पण काष्ट्याची शिवलेली म्हणजे पायजम्यासारखी कापावीच लागते, ती परत साडी होत नाही. आजीची जुनी नको, साधी घ्या. आणि माप घेताना "पायात काय घालणार" ते आधी सांगा. अनवाणी नाचणार असेल आणि माप चपलेवर घेतलं तर काठ पायाखाली येतो.

गौरीची_आई
अनवाणीच. थँक्यू काकू. पिन कोणती चांगली?

जुळे_सोलापूरकर
विषय शिवण्याचा, शेवट पिनेवर. बायको विचारतेय, जॉर्जेटच्या निऱ्या इस्त्री करून टिकतात का?

नेसवणारी_काकू
तास-दोन तास. मग घसरतात. आत, कंबरेच्या खाली चार बोटांवर आडवी एक पिन, सगळ्या निऱ्या एकात. बाहेरून दिसत नाही.

शिल्पा_होटगीरोड
इरकलवाली, ती उसवलेली साडी अजून आहे का? टिपेची भोकं दिसतात का गं?

इरकलवाली_मी
आहे ना. पदरावर उभ्या रांगा दिसतात, सुती पोत आहे म्हणून कमी. मागच्या संक्रांतीला यात्रेत हातानेच नेसले, पदर गुडघ्यापर्यंत. पाच निऱ्या आरामात बसल्या.

पूर्वभागची_पोर
त्याच पदराला गोंडे लावून घे, आमच्या टेलरचा देते पत्ता 😜 निऱ्या मात्र मागू नको.