गुडघ्याखाली चुरा, मग प्लेटआधी बाहेरून सळ्या कशाला?

मिरजवाला: परवा रात्री धाकट्या भावाच्या दुचाकीला टेम्पोने उडवलं. टिबियल प्लॅटो, म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातला नडगीचा माथा फुटलाय, शॅट्झकर प्रतवारीत टाइप ६. त्याच रात्री मांडीत आणि नडगीत सळ्या घालून बाहेरून फ्रेम बसवली. प्लेट म्हणे सूज उतरल्यावर, दहा-बारा दिवसांनी. एका कामाला दोन ऑपरेशनं? बिल फुगवतायत का?

तात्या६१: सरळ फुगवतायत. माझाही प्लॅटोच मोडला होता. दुसऱ्या दिवशी प्लेट, चौथ्या दिवशी घरी.

अस्थिरोगवाला: तात्या, तुमचा टाइप कोणता?

तात्या६१: कागदावर २ दिसतंय. बाथरूममध्ये घसरलो होतो.

अस्थिरोगवाला: मग तुलनाच होत नाही. तुमच्यात फक्त बाहेरची कड चिरून खचली. टाइप ६ मध्ये सांध्याचा अख्खा माथा नडगीच्या दांड्यापासून सुटतो. तेवढा मार हाडाआधी कातडी खाते, आणि तिथे हाडावर मांसाचं पांघरूण जवळजवळ नाहीच. पूर्वी अशा सुजेतच मधोमध एक लांब छेद घेऊन दोन्ही बाजूंना प्लेटा ठोकायचे. जखमा उसवायच्या, पू व्हायचा, प्लेट उघडी पडायची.

सांगलीचा_बंड्या: पटलं, पण सूज प्लास्टर घालून पाय उशीवर ठेवला तरी उतरते. शिवाय उशीर झाला तर तुकडे चिकटतात.

अस्थिरोगवाला: चिकटण्याचं खरंय, तीन आठवड्यांपुढे तुकडे जागेवर आणताना घाम फुटतो. प्लास्टरचं मात्र नाही. त्यात हाड आखूडच राहतं, टोकं आतून कातडीवर दाबत बसतात आणि पोटरी झाकली जाते. पोटरीतला दाब वाढला तर पायाची बोटं दुसऱ्याने ताणताच रुग्ण किंचाळतो. नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नये, ती शेवटपर्यंत लागू शकते. फ्रेम हाड ताणून लांबी परत आणते आणि पोटरी डोळ्यांसमोर राहते. सिटी स्कॅनसुद्धा फ्रेम बसवल्यावरच काढावा. ताणल्यावर तुकडे सुटे दिसतात आणि छेद कुठून घ्यायचा ते ठरतं. फक्त नडगीतल्या सळ्या पुढच्या प्लेटच्या टप्प्याबाहेर हव्यात.

रजिस्ट्रार_नाइट: आमच्याकडे यावर वाद आहे. सूज कमी असेल तर एक सर पहिल्याच रात्री प्लेट करतात, आणि त्यांच्या जखमा भरतातही. दुसरे सर प्लेटच टाळून रिंग फिक्सेटरवरच, म्हणजे पायाभोवतीच्या कड्यांच्या फ्रेमवरच शेवट करतात.

अस्थिरोगवाला: हातखंडा असलेल्याचं ठीक. मी नाही करणार.

मिरजवाला: आज नडगीवर फोड आलेत. एकात पाणी, दुसऱ्यात लालसर. घाबरावं का?

अस्थिरोगवाला: लालसर म्हणजे इजा खोलवर. त्यावरून छेद घेत नाहीत, खाली नवी कातडी यायची वाट बघतात. म्हणजे दहाचे पंधरा दिवसही होतील. चिमटीत धरल्यावर कातडीला सुरकुत्या पडू लागल्या की तारीख मागा. आणि आत्ता जाऊन त्याची बोटं वर ताणून बघा.

मिरजवाला: ताणली. दुखतंय म्हणाला, पण ओरडला नाही.

अस्थिरोगवाला: तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आत्ताच बोलवा. रात्रभरात दर तासाला बघायला सांगा.