पावती 60 क्विंटलची, बँकेने धरले 57: बरोबर की चूक?

उमरेड रोड: कळमन्याजवळच्या गोदामात सोयाबीन ठेवलं. काटापावती 60 क्विंटल, गोदाम पावतीही 60ची. तारण कर्जासाठी बँकेचा माणूस मीटर घेऊन आला, 14 टक्के ओलावा म्हणाला आणि 57च धरले. माल तर तेवढाच पडून आहे. ही लूट नाही का?

थप्पीतला माणूस: लूट नाही. गोदामात तपासनीस म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. 60 क्विंटलमध्ये 14 टक्के पाणी म्हणजे कोरडा दाणा 51.6 क्विंटल. चार महिन्यांत ओलावा 10 टक्क्यांवर आला की तोच दाणा काट्यावर 57.3 भरतो. एक पोतंही चोरीला न जाता पावणेतीन क्विंटल कमी. वसुलीची वेळ आली तर बँकेच्या हाती तेवढंच येणार. शिवाय 14वर थप्पी तापते. मधल्या पोत्यात हात घालून पाहा, कोमट लागला किंवा आंबूस वास आला तर वजनाआधी प्रतच गेली.

नरखेडचा सुधीर: पटत नाही. किमतीच्या 70 टक्केच कर्ज देतात, ते 30 टक्के कशासाठी कापतात मग? एकाच मालाला दोनदा कात्री! आणि पावती ई-स्वरूपात असेल तर तपासायचं कारणच काय?

थप्पीतला माणूस: ते 30 टक्के भाव पडला तर, म्हणून. घटलेलं वजन त्यात ढकललं तर भावासाठी जागा उरत नाही. ई-पावतीवर बोजा चढला की त्याच मालावर दुसरीकडे कर्ज उचलता येत नाही, हे खरं. पण बोज्याने दाणा वाळायचा थांबत नाही. म्हणून तर पावतीवर प्रतीची मुदत लिहितात.

भिवापूरकर: माझ्या तुरीला भुंगा लागला होता. गोदामवाले म्हणाले, धुरी दिली होती. कर्ज मिळालं, पण माल सोडवताना व्यापाऱ्याने भाव पाडला. त्याची भरपाई कोण देतं?

उमरेड रोड: दादा, माझी गोष्ट वेगळी आहे. आत्ता पावती काढून पाहिली, ओलावा 12 लिहिलाय. म्हणजे 14 कुठून आला?

थप्पीतला माणूस: हे आधी सांगायचं! 12 धरले तर 58.7 क्विंटल होतात. नमुना कुठून काढला?

उमरेड रोड: दाराजवळच्या चार-पाच पोत्यांना परखी मारली. वर चढलाच नाही.

थप्पीतला माणूस: मग तुमचं भांडण रास्त आहे. पावसाळी हवेत दाराकडची पोती ओल धरतात. परखी सगळ्या बाजूंनी आणि वरच्या थरांतही मारायची, दाणे एकत्र करून मग मीटर लावायचं. लेखी अर्ज द्या, तिघांसमोर नमुना काढा, एक पुडी सील करून स्वतःकडे ठेवा.

नरखेडचा सुधीर: आणि तेव्हाही दोन मीटर दोन आकडे बोलले तर?

थप्पीतला माणूस: तर तिसऱ्या प्रयोगशाळेत. तिचा खर्च कोणी द्यायचा यावरच गाडी अडते. माझ्या मते चूक ज्याची निघेल त्याने. बँका मात्र कर्जदाराच्याच माथी मारू पाहतात.

उमरेड रोड: सोमवारी अर्ज देतो.