कॅटेगरी मॅनेजरच्या रेझ्युमेत आकडे कसे लिहू? मदत हवी आहे

रेझ्युमेत मी लिहिलंय कॅटलॉग 1,200 वरून 3,000 एसकेयूवर नेला, पण खरं सांगायचं तर त्यातले मागच्या 90 दिवसांत विकले गेले फक्त 1,300, बाकीचे नुसते लिस्ट होऊन पडलेत, मग कुठला आकडा टाकू? मार्जिनचंही तसंच, 18 वरून 21 टक्के झालं म्हणजे वाढ 3 पॉइंटची, मित्र म्हणतो "17 टक्के वाढ" लिही, मोठं दिसतं, पण इंटरव्ह्यूत बेस विचारला की पंचाईत ना! यातले 2 पॉइंट सप्लायरकडून व्हॉल्यूम स्लॅबवर रेट कमी करून घेतल्यामुळे आलेत, तर ते निगोशिएशनमध्ये वेगळं लिहू का? आणि बल्क अपलोड, बाय बॉक्स रिपोर्ट वगैरे स्किल्समध्ये टाकू की कामाच्या ओळीतच? हायरिंग करणाऱ्यांनी प्लीज सांगा.